पाडव्याची वही आणि सॉफ्टवेअरची ऑफर: तीन वर्षांचा खरा खर्च

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आजही लाल कापडी बांधणीची वही मांडली जाते. पहिल्या पानावर श्री, स्वस्तिक, शुभ-लाभ, खाली तिथी आणि वार, आणि पाडव्याच्या सकाळी पहिली जमा. अलीकडे त्याच पाटावर लॅपटॉपही दिसतो. त्याच्याबरोबर दसऱ्यापासूनच बिलिंग सॉफ्टवेअरच्या ऑफरी सुरू होतात: नव्या वहीबरोबर नवे सॉफ्टवेअर, पाडव्यापर्यंत निम्म्या किमतीत, मोबाइल अॅप वर मोफत. ही ऑफर घ्यायची की नाही, आणि घेतली तर पुढच्या तीन वर्षांत खिशातून एकूण किती जाते, ते इथे मांडले आहे. मात्र आकड्यांआधी तारखेचे बोलायला हवे. पाडव्याला वही सुरू होते, सरकारी हिशेबाचे वर्ष सुरू होत नाही. सॉफ्टवेअरचा जो खर्च कोणी आधी सांगत नाही, त्यातला काही भाग या फरकातून येतो.

पाडवा आणि एप्रिल

जुन्या दुकानदारांना आठवत असेल, एके काळी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरून प्राप्तिकराचा हिशेब देता येत असे. कर आकारणी वर्ष 1989-90 पासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. तेव्हापासून दिवाळीची वही ही पूजेची, उधारीची आणि घरच्या समाधानाची वही राहिली, आणि कराचा ताळेबंद 31 मार्चला होऊ लागला. कागदावर हे दोन्ही सुखाने नांदले, कारण वहीला तारीख विचारावी लागत नाही. मार्च संपला की एक रेघ मारली, बेरीज घेतली, आणि त्याच वहीत पुढे लिहीत गेले.

सॉफ्टवेअर मात्र सुरू करतानाच तारीख विचारते. टॅलीप्राइममध्ये नवी कंपनी उघडताना `Financial year beginning from` आणि `Books beginning from` अशा दोन वेगळ्या तारखा भराव्या लागतात. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही या ना त्या नावाने हा प्रश्न येतोच. उत्साहात दोन्हीकडे पाडव्याची तारीख टाकली की पुढे मार्चमध्ये करसल्लागार कपाळाला हात लावतो, कारण एप्रिल ते ऑक्टोबरची विक्री-खरेदी त्या हिशेबात कुठेच नसते.

2025 चा पाडवा 22 ऑक्टोबरला होता, त्याआधीच्या वर्षीचा 2 नोव्हेंबरला. म्हणजे तो महिन्याच्या मध्येही येतो आणि तोंडाशीही. महिन्याच्या मध्ये सॉफ्टवेअर सुरू केले, तर त्या महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रातली निम्मी बिले बिलबुकातून आणि निम्मी सॉफ्टवेअरमधून गोळा करावी लागतात. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्याला तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा सगळा काळ असा दुभंगलेला मिळतो. (वार्षिक उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर तिमाहीची सोय घेता येते, आणि बहुतेक छोटे दुकानदार ती घेतात.)

मार्ग तीन आहेत. पहिला, एप्रिलपासूनची सगळी बिले पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरणे. हिशेब सर्वांत स्वच्छ होतो, पण सहा-सात महिन्यांची बिले भरायला माणूस बसवावा लागतो, आणि दिवाळीच्या हंगामात तो कुठून आणणार? दुसरा, तिमाहीच्या अखेरची तेरीज काढणे. उदाहरणार्थ 31 डिसेंबरला सर्व खात्यांची शिल्लक काढायची, त्यात विक्री, खरेदी, भाडे, पगार यांच्या तोपर्यंतच्या बेरजाही धरायच्या, आणि ती आरंभीची शिल्लक म्हणून 1 जानेवारीला भरायची. टॅलीत आर्थिक वर्ष 1 एप्रिलचे आणि हिशेब 1 जानेवारीपासून असे टाकले की खर्च आणि उत्पन्नाच्या खात्यांनाही आरंभीचा आकडा देता येतो. हा मार्ग व्यवहार्य आहे, फक्त तेरीज जुळलेली हवी. ती शंभर रुपयांनी चुकली तरी ते शंभर रुपये मार्चपर्यंत शोधत बसावे लागते.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, आणि तो विक्रेता सुचवत नाही. पूजा पाडव्याला करा, सॉफ्टवेअर आवडले तर तेव्हाच ठरवा, पण खरा हिशेब 1 एप्रिलपासून सुरू करा. मधले चार-पाच महिने मालाची यादी भरण्यात आणि ग्राहकांच्या खात्यांवरची जुनी बाकी तपासण्यात घालवा. ऑफर हवीच असेल तर विक्रेत्याला एकच विचारा: पैसे आज भरले तर मुदत आजपासून मोजणार की सुरू केल्याच्या दिवसापासून? काही योजनांमध्ये पैसे भरल्याच्या क्षणापासून घड्याळ सुरू होते, तर काहींत परवाना पहिल्यांदा चालू केल्यापासून. पहिल्या प्रकारात नोव्हेंबरला घेऊन एप्रिलला सुरू केले तर वर्षातले पाच महिने कोरडे जातात, आणि निम्म्या किमतीची सवलत बहुतेक त्यातच संपते. उत्तर तोंडी घेऊ नका. बिलावर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

मुहूर्ताचे पहिले बिल

पाडव्याला बिल क्रमांक 1 फाडायची हौस असते. कागदी बिलबुकातही अनेकजण त्या दिवशी नवे पुस्तक काढतात. इथे जीएसटीचा नियम नीट समजून घ्यायला हवा. बिलाचा क्रमांक सलग हवा, जास्तीत जास्त 16 अक्षरांचा हवा आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. एप्रिलमध्ये 1 पासून सुरू झालेली मालिका ऑक्टोबरपर्यंत 2140 वर गेली असेल, आणि पाडव्याला सॉफ्टवेअरने पुन्हा 1 पासून सुरुवात केली, तर एकाच वर्षात 1 क्रमांकाची दोन बिले होतात. विवरणपत्रात दिलेल्या बिलांची मालिकावार नोंद द्यावी लागते, तिथे ही गोष्ट उघडी पडते.

उपाय सोपा आहे. एकाहून अधिक मालिका ठेवायला नियमात मुभा आहे, आणि क्रमांकात अक्षरे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. म्हणून पाडव्याच्या मालिकेला वेगळे अक्षर द्या:

```
PDW/25-26/0001
```

ही 14 अक्षरे झाली, म्हणजे मर्यादेत बसते. एप्रिल आला की 26-27 ची मालिका पुन्हा 0001 पासून सुरू करायला हरकत नाही. दुकानाचे लांबलचक नाव क्रमांकात घुसवले की 16 ची मर्यादा ओलांडते. सॉफ्टवेअर ते बिल छापते, पण विवरणपत्र ते घेत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी अक्षरे मोजून घ्या.

आणखी एक. मुहूर्ताचे बिल ‘देवाच्या नावाने’ एक रुपयाचे करून नंतर पुसून टाकण्याची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये आणू नका. पुसलेल्या बिलाने मालिकेत भोक पडते. पहिले बिल खऱ्या गिऱ्हाइकाचे, खऱ्या मालाचे करा. हात बसवण्यासाठी करायची खोटी बिले सरावाच्या वेगळ्या कंपनीत करा, जवळजवळ सर्व सॉफ्टवेअरमध्ये ती उघडता येते. चुकलेले बिल पुसण्याऐवजी रद्द करावे, म्हणजे क्रमांक जागेवर राहतो. पूजेचे म्हणाल तर लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचे बोट ठीक, कळफलकावर अक्षता मात्र नकोत. एकदा आत गेलेला तांदूळ दुरुस्तीवालाच बाहेर काढतो.

एका दुकानाचा पूर्ण हिशेब

उदाहरणाला एक दुकान धरू. कराडसारख्या गावात लोखंडी सामान, नळ-पाइप, रंग आणि थोडे सिमेंट विकणारे. वर्षाची उलाढाल 90 लाख, जीएसटीची नेहमीची नोंदणी, विवरणपत्र तिमाही. मालाच्या 1,800 जाती, उधारीची 130 खाती. संगणक आणि साधा ए-फोर छपाईचा प्रिंटर आधीपासून आहे.

वह्यांचा खर्च आधी संपवू. रोजमेळ, खतावणी आणि उधारीची अशा तीन जाड वह्या मिळून हजार-बाराशे रुपये धरा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर ठोक भावाने त्या आणखी स्वस्त पडतात, पण तेवढ्यासाठी कराडहून जाण्यात अर्थ नाही. बांधणी शिवलेली आहे ना आणि पानांवर छापील क्रमांक आहेत ना, एवढे पाहावे. जीएसटीत हाताने लिहिलेले हिशेब आजही चालतात, मात्र प्रत्येक वहीला अनुक्रमांक हवा आणि खाडाखोड किंवा पांढरी शाई नको. चूक झाली तर एक रेघ मारून, सही करून, खाली बरोबर नोंद करायची.

आता ऑफर. समजा ती अशी आहे: तीन वर्षांसाठी 9,000 रुपये, जीएसटी वेगळा. 18 टक्के जीएसटी 1,620, म्हणजे पहिल्या दिवशी 10,620 रुपये जातात. पत्रकावरचा विषय इथे संपतो, दुकानाचा खर्च मात्र इथून पुढे वाढतो.

सर्वांत मोठा खर्च मालाची यादी भरण्याचा. एका जातीचे नाव, एकक, एचएसएन क्रमांक, कराचा दर, खरेदी आणि विक्रीचा भाव, हातातला साठा, हे सारे भरायला सरावलेल्या माणसालाही सरासरी दोन मिनिटे लागतात. 1,800 जातींना 3,600 मिनिटे, म्हणजे 60 तास. तासाला 100 रुपयांनी एखादी बी.कॉम.ची मुलगी किंवा मुलगा बसवला तर 6,000 रुपये. ‘यादी आम्ही फुकट भरून देऊ’ असे विक्रेता म्हणाला तर जरा सावध राहा. तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी हार्डवेअर दुकानाची तयार यादी तुमच्याकडे ओततो. त्यात तुमच्याकडे नसलेल्या हजार जाती असतात, तुमच्या चारशे नसतात, आणि ‘अर्धा इंची एल्बो’ तीन वेगवेगळ्या नावांनी येतो. मग महिनाभर काउंटरवरचा माणूस बिल करताना नावे शोधत बसतो.

उधारीच्या 130 खात्यांना प्रत्येकी पाचेक मिनिटे धरली तरी अकरा तास लागतात, आणि हे काम मालकालाच करावे लागते. कोणत्या पाटलांची बाकी कोणत्या पाटलांच्या नावावर पडली आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. यासाठी पैसे धरलेले नाहीत, पण हे अकरा तास दिवाळीच्या आठवड्यात मिळणार नाहीत, हे लक्षात ठेवा.

पहिली शिकवणी बहुधा फुकट असते. त्यानंतर गावातला जो मुलगा येऊन अडचण सोडवतो, तो एका फेरीचे 500 रुपये घेतो असे धरू. पहिल्या वर्षात सहा फेऱ्या सहज होतात: 3,000. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी विक्रेता वार्षिक सेवेचे 2,000 मागेल, जीएसटीसह दोन वर्षांचे 4,720. विजेसाठी छोटा यूपीएस 4,000. ग्रामीण भागात हा टाळू नका, बिल साठवले जात असताना वीज गेली तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. डेटाच्या प्रती ठेवायला दोन पेनड्राइव्ह 1,000, एक दुकानात आणि एक घरी.

बेरीज: 10,620, 6,000, 3,000, 4,720, 4,000 आणि 1,000 मिळून 29,340 रुपये. यातला सॉफ्टवेअर आणि सेवेवरचा 2,340 रुपये जीएसटी या दुकानदाराला वजावटीत परत मिळतो, कारण त्याची नोंदणी नेहमीची आहे. उरले 27,000. म्हणजे 9,000 ची ऑफर तीन वर्षांत तिप्पट झाली, वर्षाला 9,000 पडली. एकमुस्त योजनेतल्या, म्हणजे कंपोझिशनच्या दुकानदाराला ही वजावट मिळत नाही, त्याला पूर्ण 29,340 लागतील.

यातल्या दोन गोष्टी मुद्दाम घेतलेल्या नाहीत: बारकोडचा स्कॅनर आणि पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर. संचात घेतल्या तर ‘फक्त पाच-सात हजार वाढतील’ असे सांगतात. ज्या मालावर कंपनीचा बारकोड छापलेला येतो, त्या किराणा किंवा औषधांच्या दुकानात त्यांचा उपयोग होतो. खिळे, वायसर आणि किलोवर जाणाऱ्या तारेच्या दुकानात स्कॅनर महिनाभराने ड्रॉवरमध्ये जातो. शिवाय थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत फिकी पडते. बांधकामाच्या कंत्राटदाराला वर्षभराने बिल दाखवायचे असेल तर त्याला कोरी पट्टी मिळते.

तुलनेसाठी टॅलीप्राइम घेऊ. 2025 मधल्या किमतीने एका संगणकाचा सिल्व्हर परवाना 22,500 रुपये, जीएसटीसह 26,550. त्यात पहिल्या वर्षाचे सुधारित अवतार येतात. पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे ठरवले तर 4,500 अधिक जीएसटी, म्हणजे 5,310. तीन वर्षांत 37,170 रुपये, वजावट सोडून 31,500, आणि हा फक्त सॉफ्टवेअरचा आकडा झाला. यादी, फेऱ्या, यूपीएस वेगळे. महाग दिसते खरे, पण हा परवाना कायमचा आहे. नूतनीकरण थांबवले तरी हाती असलेला अवतार चालत राहतो. तीन वर्षांच्या भाडेतत्त्वाच्या योजनेत चौथ्या वर्षी पैसे भरले नाहीत तर काय होते, हे घेण्याआधी विचारा. जुनी बिले निदान पाहता येतात का, छापता येतात का, सगळी खाती एक्सेलमध्ये काढता येतात का? उत्तर नाही असेल तर ऑफर कितीही स्वस्त असली तरी पुढच्या किमतीची दोरी विक्रेत्याच्या हातात राहते.

आणि परतावा? करसल्लागार सध्या बिले भरून घेण्यासह महिन्याला 1,500 घेत असेल आणि तयार डेटा दिल्यावर 1,000 घेणार असेल, तर तीन वर्षांत 18,000 वाचतात. म्हणजे 27,000 पैकी दोन तृतीयांश तिथेच फिटले. पण हे गृहीत धरू नका, आधी त्याच्याशी बोला. त्याच्याकडे कोणते सॉफ्टवेअर आहे आणि तुमचा डेटा त्यात सरळ जाईल का, हा पहिला प्रश्न. जात नसेल तर तो तुमची छापील यादी बघून पुन्हा सगळे हाताने भरेल आणि फी एक रुपयानेही कमी होणार नाही. खरे तर सॉफ्टवेअरची निवड विक्रेत्याऐवजी या माणसाच्या टेबलावर व्हायला हवी.

ज्यांना अजिबात गरज नाही

वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असलेला आणि फक्त राज्यातच माल विकणारा दुकानदार बहुतेक वेळा जीएसटी नोंदणीच्या बाहेर असतो. त्याला चांगली वही आणि बिलबुक पुरते. एकमुस्त योजनेतला व्यापारी गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही. त्याला कर दाखवणारे बिल द्यायचेच नसते. त्याने विक्रीपत्र द्यायचे, त्यावर आपण एकमुस्त योजनेत आहोत आणि कर वसूल करू शकत नाही हे लिहायचे. त्याच्याकडे येणारी बरीच सॉफ्टवेअरे सुरुवातीला नेहमीच्या करबिलावरच ठरवलेली असतात. ती तशीच चालवली तर दर बिलावर कर छापला जातो आणि तो कर खिशातून भरायची वेळ येते.

नोंदणी असूनही दिवसभर वीस-तीस रुपयांची विक्री करणाऱ्याला आणखी एक सवलत आहे. गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल, त्याला बिल नको असेल आणि रक्कम 200 रुपयांच्या आत असेल, तर अशा सर्व विक्रीचे दिवसाअखेर एकत्र बिल करता येते. चहा-बिस्किटांच्या दुकानाला सॉफ्टवेअर विकणारा हे सांगणार नाही.

शिवाय छोट्या व्यापाऱ्यांसाठी फुकटचाही पर्याय आहे. 1.5 कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी जीएसटी नेटवर्कने 2019 मध्ये काही कंपन्यांची हिशेब-बिलिंग सॉफ्टवेअरे मोफत उपलब्ध करून दिली. पोर्टलवर `Downloads` मध्ये `Accounting and Billing Software` या नावाखाली शोधा. मोफत गोष्टीला घरपोच मदत करणारा माणूस नसतो, तेवढा फरक पडतो. पण आपल्याला सॉफ्टवेअर जमते का, हे पाहायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

विक्रेता काय म्हणतो, आणि काय दाखवायला सांगावे

‘आता कॉम्प्युटर बिल सक्तीचे झाले आहे’ हे वाक्य दर दिवाळीला ऐकू येते. पोर्टलवर नोंदवून बिलाला ओळखक्रमांक घ्यायची सक्ती, म्हणजे ई-इन्व्हॉइस, 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना आहे. 90 लाखांच्या दुकानाला नाही. ‘ऑडिट ट्रेल नसेल तर दंड’ हेही असेच. नोंदीतला प्रत्येक बदल टिपणारे सॉफ्टवेअर वापरण्याची कंपनी कायद्यातली अट 1 एप्रिल 2023 पासूनची, आणि ती कंपन्यांसाठी. एकमालकी दुकान त्यात येत नाही. पण इथे अर्धे सत्य आहे. हिशेब संगणकावर ठेवला असेल तर बदललेल्या आणि पुसलेल्या नोंदींची यादी राहायला हवी, असे जीएसटीचा नियम सर्वच नोंदणीधारकांना सांगतो. त्यामुळे घाबरून महाग आवृत्ती घ्यायचे कारण नाही. मात्र साध्या आवृत्तीत ही यादी कुठे दिसते, ते दाखवून घ्या. ‘बदल कोणालाच कळणार नाही’ हा गुण म्हणून कोणी सांगत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्रात्यक्षिकात विक्रेता नेहमी नवे बिल करून दाखवतो. त्यात कोणतेही सॉफ्टवेअर पास होते. त्याला परतीचे बिल करायला सांगा. उदाहरण सिमेंटचे. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 15 सप्टेंबरला विकलेल्या दहा गोण्यांपैकी दोन गोण्या गिऱ्हाइकाने ऑक्टोबरमध्ये परत आणल्या, तर परतीच्या चिठ्ठीवर, म्हणजे क्रेडिट नोटवर, मूळ बिलाचाच दर लागतो: 28. चांगले सॉफ्टवेअर मूळ बिलाचा क्रमांक विचारते आणि तोच दर आणते. कच्चे सॉफ्टवेअर मालाच्या यादीतला आजचा 18 टक्के लावते. ज्यात दर बदलला की जुन्या बिलांची छपाईही नव्या दराने होते, ते तर घेऊच नका. दर पुन्हा कधी बदलतील ते कोणाच्या हातात नाही, म्हणून मालाच्या यादीत दराबरोबर ‘कोणत्या तारखेपासून’ असा रकाना आहे का, ते पाहा.

नंतर उधारीचा हिशेब दाखवायला सांगा. गिऱ्हाइकाने तीन बिलांपोटी मिळून 5,000 रुपये दिले, त्यातले कोणते बिल फिटले आणि कोणते अर्धे राहिले, हे एका पानावर दिसले पाहिजे. वहीत हे आपण पेन्सिलने टिचक्या मारून करत होतोच. सॉफ्टवेअरमध्ये ते जमत नसेल तर दसऱ्याला वसुलीची यादी काढताना पुन्हा वहीच उघडावी लागेल, आणि मग दोन्हीकडे लिहिण्याचे कष्ट दुप्पट.

‘लाइफटाइम, फक्त 2,500’ अशी टॅलीसारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरची ऑफर आली तर ती चोरीची प्रत असते. खुणा ओळखीच्या आहेत. तुमच्या दुकानाच्या नावाचे जीएसटी बिल मिळत नाही, परवान्याचा क्रमांक मिळत नाही, अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतात आणि ‘अपडेट कधी दाबू नका’ अशी ताकीद देतात. अशा प्रतीबरोबर आलेल्या विषाणूने हिशेबाची फाइल कुलूपबंद केली तर तक्रार कोणाकडे नेणार?

परवाना खरा असला तरी तो कोणाच्या नावाने नोंदवला आहे ते त्याच दिवशी पाहून घ्या. घाईत विक्रेता स्वतःचा किंवा तुमच्या नोकराचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकतो. नोकर सोडून गेला की संकेतशब्द बदलण्याचा संदेश त्याच्या फोनवर जातो. मालकाचा क्रमांक, मालकाचा ईमेल, आणि नोकराला बिल करण्यापुरती वेगळी मुभा, एवढी मांडणी पहिल्या फेरीतच करून घ्यावी.

जुन्या वह्या कधीपर्यंत

सगळे सॉफ्टवेअरमध्ये भरून झाले म्हणजे जुन्या वह्या रद्दीत, असे करू नका. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायचे असतात. छोट्या उलाढालीमुळे ते विवरणपत्र भरण्यातून सूट असली, तरी मोजणी त्याच तारखेपासून धरणे शहाणपणाचे. 2025-26 साठी ती तारीख 31 डिसेंबर 2026, म्हणून त्या वर्षाचे कागद 31 डिसेंबर 2032 पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही पुढे.

दिवाळीच्या वहीची इथे एक वेगळी गोम आहे. 2025 च्या पाडव्याला उघडलेली आणि 2026 च्या दिवाळीला मिटलेली वही दोन आर्थिक वर्षांत विभागलेली असते. तिची मुदत नंतरच्या वर्षावरून, म्हणजे 2026-27 वरून मोजायची, आणि ती 31 डिसेंबर 2033 ला संपते. वही मिटताना ही तारीख तिच्या पाठीवर जाड पेनाने लिहून ठेवा. तीन वर्षांचे सॉफ्टवेअर घेतले असेल तर त्याची मुदत या तारखेच्या कितीतरी आधी संपते, म्हणून दर 31 मार्चला रोजमेळ, खतावणी आणि बिलांची यादी पीडीएफमध्ये काढून दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा.